ग्रिड बॉट नफा दाखवतो, खात्यातले पैसे मात्र घटतात: एकतर्फी बाजारात नक्की काय तुटतं

ही तक्रार जवळपास दर वेळी एकाच रूपात येते. ठरलेल्या पट्ट्यात खालच्या पायरीला घेऊन वरच्या पायरीला आपोआप विकणारा ग्रिड बॉट लावला, दोन-तीन आठवडे झकास चालला, रोज थोडा थोडा नफा साठत गेला. मग भाव एका दिशेला सुटला. बॉटच्या पानावर ग्रिडचा नफा अजूनही हिरव्या अक्षरांत दिसतोय, पण एकूण रक्कम गुंतवलेल्या रकमेपेक्षा कमी झाली आहे. एरर कुठेच नाही, फक्त सौदे होईनासे झालेत. मग माणूस कंटाळून बॉट बंद करतो, मर्यादा खाली सरकवून नवा लावतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तीच तक्रार घेऊन येतो.

आधी खरा तांत्रिक बिघाड नाही ना, एवढं एकदा बघून घ्या. भाव तुम्ही ठरवलेल्या मर्यादांच्या आत आहे, पायऱ्या ओलांडतोय आणि तरीही ऑर्डरी लागत नाहीत, तर एपीआय किल्लीची मुदत, शिल्लक रक्कम आणि एक्स्चेंजची किमान ऑर्डर रक्कम या तीन गोष्टी तपासा. भाव मर्यादेच्या बाहेर गेलेला असेल तर मात्र बॉटमध्ये काहीही बिघडलेलं नाही. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने शेवटपर्यंत केलं आणि आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो थांबलाय. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

## हातात काय उरलंय ते मोजा

गोल आकडे घेऊन एक उदाहरण मांडू. एका कॉइनचा भाव १०० यूएसडीटी आहे, म्हणजे डॉलरशी जोडलेल्या टेदर कॉइनमध्ये मोजलेला. खालची मर्यादा ८०, वरची १२०, मध्ये २-२ यूएसडीटीच्या समान पायऱ्या, प्रत्येक पायरीला १ कॉइन. ही लिव्हरेज, म्हणजे उसन्या पैशांचं बळ, नसलेली साधी स्पॉट ग्रिड आहे.

वर १०२ पासून १२० पर्यंत विक्रीच्या १० ऑर्डरी लागतात. त्या लावायला कॉइन हातात हवेत, म्हणून सुरू होतानाच बॉट १०० च्या भावाने १० कॉइन विकत घेतो. तिथे १,००० गेले. खाली ९८ पासून ८० पर्यंत खरेदीच्या १० ऑर्डरी, त्यांना मिळून ८९० लागतात. एकूण भांडवल १,८९०. ही सुरुवातीची खरेदी खूप जणांच्या लक्षातच येत नाही. बॉट 'दोन्हीकडून कमावतो' असं ऐकलेलं असतं, पण स्पॉट ग्रिड पहिल्या मिनिटापासून तेजीच्या बाजूने उभी असते. निम्म्याहून थोडे जास्त पैसे तिथेच कॉइनमध्ये अडकलेले असतात.

आता भाव ९४ ते १०६ च्या मध्ये हेलकावे घेतोय. खालच्या पायरीला घेतलं, वरच्या पायरीला विकलं, एक फेरी पूर्ण. दर फेरीत २ यूएसडीटी मिळतात, त्यातून दोन्ही बाजूंची फी जाते. ती दर सौद्याला ०.१ टक्का धरली तर साधारण ०.२ वजा होऊन १.८ उरतात. रोज तीनच्या आसपास फेऱ्या झाल्या तर तीन आठवड्यांत ६० फेऱ्या, म्हणजे १०८ यूएसडीटी. भांडवलाच्या ५.७ टक्के. पानावर हाच आकडा वर्षाच्या हिशेबात मांडलेला असतो: जवळपास ९९ टक्के! बॉट लावण्याचा मोह होतो तो याच आकड्यामुळे.

मग भाव तुटतो आणि दोन दिवसांत ७८ वर येतो. खाली येताना बॉटने ९८, ९६, ९४ करत ८० पर्यंत प्रत्येक पायरीला एक कॉइन घेतला. आता हातात २० कॉइन आहेत: १० शंभरच्या भावाचे आणि १० सरासरी ८९ चे. सगळ्यांची मिळून सरासरी ९४.५. ७८ ला त्यांची किंमत १,५६०. म्हणजे मालावर ३३० चा तोटा, आणि फेऱ्यांचे १०८ धरूनही एकूण २२२ चा खड्डा.

पानावर हे असं दिसतं:

```
Grid Profit     +108
Floating PnL    -330
Total PnL       -222
```

पहिली ओळ खोटी नाही. फक्त ती पूर्ण झालेल्या फेऱ्यांचीच गोष्ट सांगते. ८२ ला खरेदी करून ८४ ला विकलेला कॉइन त्यात नफा म्हणून मोजला जातो, पण १०० ला घेतलेला आणि अजून पडून असलेला कॉइन तिथे येतच नाही. तो येतो दुसऱ्या ओळीत. म्हणून बॉट ठीक चाललाय की नाही हे ठरवताना तिसरी ओळ बघायची, आणि वार्षिक परताव्याचा आकडा सोडूनच द्यायचा. तो पहिल्या ओळीवरून काढलेला असतो.

## एका तुटण्याला किती फेऱ्या लागतात

याच उदाहरणात भाव वर गेला असता तर काय झालं असतं, ते शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. १०० वरून सरळ १२० वर गेला तर बॉट १० कॉइन १०२ ते १२० या भावांनी विकतो, सरासरी १११. नफा ११०. १०० वरून सरळ ८० वर आला तर तोटा २९०. भाव दोन्हीकडे सारखाच, २० ने हलला, पण मिळालं ११० आणि गेलं २९०.

हे कुणाच्या नशिबाचं काम नाही, ग्रिडची रचनाच तशी आहे. भाव वर जाईल तसा माल कमी होत जातो, म्हणून पुढच्या तेजीत हिस्सा घटत जातो. भाव खाली येईल तसा माल वाढत जातो, म्हणून पुढच्या प्रत्येक यूएसडीटीच्या घसरणीचा फटका मोठा होत जातो. १०० ते ९० या पहिल्या टप्प्यात तोटा १२०, ९० ते ८० या दुसऱ्या टप्प्यात १७०. ८० च्या खाली तर सगळे २० कॉइन अंगावर असतात, तिथे भाव १ ने पडला की २० गेले. या असमानतेची भरपाई म्हणून फेऱ्यांचे १.८-१.८ मिळत असतात. बाजार आडवा राहिला की भरपाई जास्त होते आणि भाव सुटला की कमी पडते, एवढंच.

म्हणून बॉट लावण्याआधी एक भागाकार करायचा. समजा, भाव ७६ ला गेला की सगळं विकून बाहेर पडायचं असं ठरवलं. त्या वेळी २० कॉइनचे १,५२० येतील, म्हणजे तोटा ३७०. भागिले १.८, म्हणजे साधारण २०६ फेऱ्या. रोज तीन फेऱ्या होत असतील तर एक तुटणं भरून काढायला ६९ दिवसांचा आडवा बाजार हवा. तुम्ही निवडलेला कॉइन याआधी सलग दोन-सव्वादोन महिने अशाच पट्ट्यात राहिलाय का, हे तक्त्यावर बघायला दहा मिनिटं पुरतात. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येतं, आणि 'दर महिन्याला तेच होतं' या तक्रारीचं मूळ तिथे सापडतं. तीन आठवड्यांचा पट्टा बघून लावलेल्या बॉटला तीन महिन्यांचा पट्टा लागत असतो.

पायऱ्या दाट करून फेऱ्या वाढवू, हा पहिला उपाय सगळ्यांना सुचतो. काही अंतरापर्यंत तो चालतो. पण १०० च्या भावाला दोन्ही बाजूंची फी ०.२ आहे, तेव्हा पायरी ०.४ केली तर निम्मा नफा फीमध्ये जातो आणि ०.२ केली तर हाती शून्य. शिवाय पायरी कितीही दाट केली तरी ८० ला पोचेपर्यंत अंगावर येणारा माल जवळपास तितकाच राहतो. तुटण्याचा खर्च पायऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो, पट्ट्याच्या रुंदीवर आणि भांडवलावर असतो.

## मर्यादा खाली सरकवण्यात काय होतं

ही समस्या पुन्हा पुन्हा येते ती खरं तर या पावलामुळे. भाव ७८ ला आहे, बॉट निपचित पडलाय. तो बंद करून ६० ते ९६ अशी नवी ग्रिड लावली तर निदान तो काम तरी करेल, असं वाटतं. आकडे मांडून बघू.

बॉट बंद केला, माल विकला: १,५६० अधिक १०८, एकूण १,६६८ हातात. नव्या ग्रिडमध्येही २० पायऱ्या ठेवल्या तर प्रत्येक पायरी १.८ ची आणि दर पायरीला सुमारे १.१४ कॉइन बसतात. सुरुवातीची खरेदी ७८ च्या भावाने सुमारे ११.४ कॉइनची. म्हणजे आधी २० कॉइन होते, आता ११.४ आहेत. मधले साडेआठ कॉइन तुम्ही ७८ ला विकून टाकले. 'ग्रिड सरकवली' या शब्दांत ही विक्री दिसत नाही, पण झालेली असते ती विक्रीच.

आता भाव परत ९६ वर आला तर जुन्या बॉटमध्ये ८२ ते ९६ अशी ८ कॉइनची विक्री झाली असती आणि सगळं मिळून हाती साधारण १,९७० असते. भांडवलही भरून निघालं असतं आणि वर थोडं उरलं असतं. नव्या बॉटमध्ये मात्र सुमारे १,७८० असतात. फरक १९० चा. उलट भाव आणखी पडून ६० ला गेला तर जुन्या बॉटमध्ये १,३०८ उरले असते, नव्यात १,३७०. म्हणजे घसरणीत वाचले फक्त ६२. आणि ५० पर्यंत पडला तर दोघांतला फरक ३५ च्या आसपास येतो, कारण तोवर नवा बॉटही तळापर्यंत माल भरून बसलेला असतो.

वर आलं तर १९० गमावायचे आणि खाली गेलं तर ६२ वाचवायचे, असा हा सौदा आहे. सरळ बाहेर पडलात तर घसरण थांबते. सरळ धरून बसलात तर परतीची आशा राहते. ग्रिड सरकवली की दोन्हीतलं वाईट तेवढं पदरात पडतं. तरीही लोक तेच करतात, कारण पानावर पुन्हा फेऱ्या दिसायला लागतात आणि `Total PnL` शून्यापासून सुरू होतो. मागचा २२२ चा तोटा बंद बॉटांच्या इतिहासात जाऊन बसतो आणि नवा बॉट नव्या उत्साहाने हिरवा दिसतो. दोन-तीनदा असं झालं की माणसाला प्रत्येक बॉट फायद्यात चालल्यासारखा वाटतो आणि खात्यातले पैसे कुठे गेले ते कळत नाही. हे टाळायला बॉटचं पान सोडून खात्यातल्या एकूण रकमेची वेगळी नोंद ठेवा, दर आठवड्याला एक आकडा पुरेसा आहे.

काही बॉटमध्ये हेच सरकवणं आपोआप होण्याची सोय असते. खालच्या दिशेची ती सोय मी तरी बंदच ठेवेन.

## बाहेर पडण्याची जागा आणि भांडवल एकत्र ठरवा

स्टॉप-लॉस लावा, हा सल्ला सगळेच देतात. पण स्टॉप कुठे आणि किती रकमेवर, हे दोन प्रश्न सुटे सुटे सोडवले की फसगत होते.

स्टॉप नेमका खालच्या मर्यादेवर ठेवू नका. आडव्या बाजारात भाव तळाला जाऊन पट्ट्याबाहेर डोकावून परत येतो, हे नेहमीचं आहे. अशा वेळी सगळा माल तळाला विकला जातो आणि अर्ध्या तासात भाव परत आत. आमच्या उदाहरणात मर्यादा ८० ची, स्टॉप ७६ चा, म्हणजे ५ टक्के खाली. जास्त चंचल कॉइनला याहून जास्त जागा लागते. मात्र जितकी जागा जास्त तितका तोटाही जास्त, कारण त्या टप्प्यात सगळा माल अंगावर असतो.

मग तोटा आवाक्यात ठेवायचा तो भांडवल कमी करून. समजा, तुमच्या खात्यात १०,००० आहेत आणि एका बॉटच्या तुटण्यात २ टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे २०० हून जास्त, घालवायचे नाहीत. १,८९० च्या बॉटला तुटण्याचा खर्च ३७०. तर २०० साठी भांडवल साधारण १,०२० हवं. बॉटला किती पैसे द्यायचे हे असं स्टॉपकडून उलटं मोजत यावं. शिल्लक पडलेत म्हणून अख्खे १०,००० त्यात घातले तर तेच ७६ जवळजवळ १,९६० चा फटका देतं.

एक सेटिंग हमखास चुकतं. स्टॉप लागल्यावर बॉट फक्त थांबणार की माल विकूनही टाकणार, यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळी खूण करावी लागते. ती केली नसेल तर स्टॉप लागतो, सगळ्या ऑर्डरी रद्द होतात आणि २० कॉइन तुमच्या वॉलेटमध्ये तसेच पडून राहतात. तुम्हाला वाटतं बाहेर पडलो, आणि भाव पडतच असतो. स्टॉप लागल्याचा संदेश आला की लगेच वॉलेट उघडून कॉइनची संख्या बघा.

आणि स्टॉप ठरल्या भावालाच लागेल अशी हमी नसते. १२ मार्च २०२० ला बिटकॉइन ८,००० डॉलरच्या जरा खाली होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ४,००० च्याही खाली जाऊन आला. अशा घसरणीत ऑर्डर-बुकमध्ये घेणारेच उरत नाहीत, बाजारभावाने केलेली विक्री बरीच खाली जाऊन बसते. लहान कॉइनमध्ये हे किरकोळ दिवशीही होतं. तेवढी ढील हिशेबात धरा.

स्टॉप न लावता 'कधीतरी परत येईल' म्हणत धरून बसणं हाही एक निर्णय आहे, आणि ज्या कॉइनला तुम्ही एरवीही वर्षभर धरून बसला असता त्याच्याबाबत तो चालून जातो. पण मे २०२२ मध्ये लुना हा कॉइन ८० डॉलरच्या आसपास होता आणि दोन आठवड्यांच्या आत त्याची किंमत एका सेंटच्याही अंशावर आली. त्यावर लावलेल्या ग्रिडने खाली येताना प्रत्येक पायरीला इमानेइतबारे माल घेतला असणार. ग्रिडला कॉइन कशामुळे पडतोय हे कळत नाही, तिला फक्त पायरी कळते.

## भाव सुटतोय हे आधी कसं दिसतं

पूर्ण आधी कळत नाही. पण पट्टा सुटायच्या सुमारास दोन ठिकाणी फरक पडतो.

पहिलं ठिकाण म्हणजे बॉटचीच सौद्यांची यादी. आडव्या बाजारात ती खरेदी-विक्री-खरेदी-खरेदी-विक्री अशी मिसळलेली असते. एकतर्फी बाजारात सलग एकाच बाजूचे सौदे येतात. २० पायऱ्यांच्या ग्रिडमध्ये एका दिवसात सलग पाच-सहा खरेद्या झाल्या आणि मध्ये एकही विक्री नाही, तर पट्ट्याचा पाव भाग एका दमात ओलांडला गेलाय. त्या वेळी पान उघडून बघायला हवं. गंमत म्हणजे तेव्हाही सौद्यांच्या सूचना भराभर येत असतात, आणि बॉट जोरात काम करतोय असं वाटतं.

दुसरं, एक साधं गुणोत्तर. ठरावीक काळात भाव निव्वळ किती सरकला, भागिले तो एकूण किती चालला. पेरी कॉफमन यांच्या कामातून हे एफिशियन्सी रेशो या नावाने रूढ झालं. ग्रिडसाठी ते मला इतर निर्देशांकांपेक्षा जास्त पटतं, कारण यातला छेद म्हणजे एकूण चाल, जिच्यातून ग्रिड कमावते. आणि अंश म्हणजे निव्वळ सरकणं, ज्यात ग्रिड गमावते.

```python
def er(closes):
    net = abs(closes[-1] - closes[0])
    path = sum(abs(b - a)
               for a, b in zip(closes, closes[1:]))
    return net / path if path else 0
```

यात दर तासाचे बंद भाव द्या, गेल्या दोन-तीन दिवसांचे. भाव एकूण ३६ चालला आणि सुरुवातीपासून फक्त ३ ने सरकला, तर उत्तर ०.०८. हे ग्रिडचं हवामान. तेवढाच ३६ चालला पण १८ ने सरकला, तर ०.५. तासाच्या भावांवर इतका मोठा आकडा क्वचित येतो, आणि आला की ग्रिड चालू ठेवण्यात अर्थ नसतो. माझा ढोबळ नियम असा की ०.३ च्या वर गेलं तर नवा बॉट लावायचा नाही, आणि चालू बॉट असेल तर स्टॉप जागेवर आहे ना ते तपासायचं. हा आकडा प्रत्येक कॉइनला वेगळा पडतो. तुमच्या कॉइनचे जुने भाव घालून, ज्या दिवशी पट्टा तुटला त्या दिवसांच्या आसपास तो किती होता ते बघा आणि आपला आकडा ठरवा. कलाची ताकद मोजणारा एडीएक्स हा निर्देशांकही चालतो, फक्त तो आणखी उशिरा बोलतो.

एका गोष्टीला मात्र फसू नका. बाजार खूप शांत झाला, पट्टा अगदी अरुंद झाला, की गुणोत्तरही छान छोटं दिसतं आणि ग्रिड लावायची हीच वेळ असं वाटतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये बिटकॉइन बहुतांश दिवस साधारण ६,२०० ते ६,७०० डॉलरच्या मध्ये होता. तो पट्टा बघून लावलेली अरुंद ग्रिड महिनाभर सुरेख चालली असती. १४ नोव्हेंबरला भाव ६,००० च्या खाली गेला आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत ३,२०० च्या आसपास पोचला. शांतता लांबली की तिच्या दोन्ही कडांबाहेर स्टॉप साठत जातात, आणि कड मोडली की ते एकामागोमाग सुटतात. म्हणून ग्रिडचा पट्टा गेल्या दोन आठवड्यांवरून ठरवू नका, गेल्या तीन-चार महिन्यांवरून ठरवा. फेऱ्या कमी होतील, त्याला इलाज नाही.

## वरच्या बाजूने तुटलं तर

हे कमी दुखतं, म्हणून थोडक्यात. भाव १२० ओलांडून १५० ला गेला तर बॉटकडे एकही कॉइन नाही, सगळे मिळून २,००० यूएसडीटी आहेत, अधिक आधीच्या फेऱ्यांचा नफा. सुरुवातीचे १० कॉइन नुसते धरून ठेवले असते तर उरलेल्या ८९० सकट २,३९० झाले असते. ३९० हुकले, पण पैसे गेलेले नाहीत. इथली खरी चूक पुढे होते: हुकल्याची चुटपूट लागते आणि १५० ला नवी ग्रिड लावली जाते. ती लावताच बॉट पुन्हा निम्म्या रकमेचे कॉइन १५० च्या भावाने विकत घेतो. ग्रिड आपोआप वर सरकवणारी सोय चालू असेल तर हीच खरेदी टप्प्याटप्प्याने, तुम्हाला न विचारता होते. तेजीत राहायचं असेल तर थोडे कॉइन ग्रिडच्या बाहेर वेगळे धरून ठेवा, ते काम ग्रिडवर सोपवू नका.

## लिव्हरेजची ग्रिड असेल तर

हिशेब तोच, वेळ कमी. वरचीच ग्रिड फ्युचर्सवर ३ पट लिव्हरेजने लावली तर मार्जिन ६३० लागतं. २० कॉइन सरासरी ९४.५ ला अंगावर आले की ६३ च्या भावाला ते ६३० संपतात, आणि लिक्विडेशन, म्हणजे एक्स्चेंजने सौदा जबरदस्तीने बंद करणं, त्याच्या जरा आधीच होतं. स्पॉटमध्ये ६३ ला तुम्ही निदान मालासकट उभे असता. त्यामुळे फ्युचर्सच्या ग्रिडमध्ये लिक्विडेशनचा भाव तुमच्या स्टॉपच्या बऱ्याच खाली आहे की नाही, हे बॉट सुरू करण्याआधी बघा. तो स्टॉपच्या वर येत असेल तर स्टॉप असून नसल्यासारखा आहे. 'न्यूट्रल' प्रकारात सुरुवातीची खरेदी होत नाही, पण वर जाताना शॉर्ट, म्हणजे भाव पडण्यावर लावलेला सौदा, साठत जातो, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी तुटू शकते.

## तुटल्यानंतर पुन्हा कधी लावायचा

स्टॉप लागला, माल विकला गेला, यूएसडीटी हातात आहेत. आता त्याच दिवशी काही करू नका. पट्टा तुटल्यानंतर भाव बहुधा उसळ्या मारत राहतो, त्यातली प्रत्येक उसळी नव्या पट्ट्याची सुरुवात वाटते. वरचं गुणोत्तर सलग आठवडाभर ०.२ च्या खाली राहू दे, आणि त्या काळात भाव नव्या तळाला निदान दोनदा जाऊन परत आलेला असू दे. त्यानंतर पट्टा ठरवा, स्टॉप ठरवा, तुटण्याचा खर्च भागिले फेरीचा नफा हा भागाकार पुन्हा करा. उत्तर दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या वर येत असेल आणि रोजच्या फेऱ्या तीन-चारच होणार असतील, तर त्या कॉइनवर ग्रिड न लावलेली बरी. रोजच्या फेऱ्यांचा अंदाज मागच्या महिन्याच्या तासाच्या भावांवर पायऱ्या मोजून काढता येतो, बॉटने सुचवलेल्या तयार सेटिंगवरून काढू नका. ती सेटिंग बहुधा गेल्या काही दिवसांच्याच पट्ट्यावर बसवलेली असतात.